तपासणीच्या पाच मिनिटांत

बेळगावातल्या एका प्रसूतीच्या दवाखान्यात, सकाळची ओपीडी. सहावा महिना भरत आलेली एक मुलगी स्टुलावर बसलेली, मागे सासूबाई उभ्या. डॉक्टरबाईंनी फाइल उघडता उघडता अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत विचारलं, "एन त्रास? काही होतंय का?" मुलीनं तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तसं काय नाही हो बाई, जेवतच नाही नीट. आन् झोपून राहतीया." डॉक्टरबाईंनी हिमोग्लोबिनचा आकडा बघितला, लोहाच्या गोळ्या वाढवल्या, पोट तपासलं, ठोके ऐकवले आणि "आनंदी राहायचं" असं म्हणून पुढचं नाव पुकारलं. एवढा वेळ ती मुलगी फाइलीच्या प्लास्टिकच्या पिशवीची कड बोटावर गुंडाळत होती आणि सोडत होती. ठोके ऐकवले तेव्हाही तिनं मान वर केली नाही. नेमकी हीच गोष्ट मागे राहून गेली. बाळाचे ठोके पहिल्यांदा मोठ्यानं ऐकणारी बाई सहसा काहीतरी करते. हसते, दचकते, निदान नवऱ्याला फोन लावते.

कुणाला दोष द्यावा असं इथं काही नाही. सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या आणि डॉक्टरबाईंनी लिहिलेल्या गोळ्याही बरोबर होत्या. अडचण अशी की गरोदरपणातल्या नैराश्याची जी लक्षणं बाहेरून दिसतात, ती जवळजवळ सगळी गरोदरपणाचीही असतात. थकवा येतो, अन्नावर वासना राहत नाही, रात्री झोपमोड होते, विसरायला होतं, चिडचिड होते. त्यामुळे "होतंय तसं या दिवसांत" हे वाक्य शंभरातल्या बऱ्याच जणींच्या बाबतीत खरंही असतं, आणि उरलेल्या जणी त्याच वाक्याआड दडून जातात. फरक ओळखायचा तर लक्षण काय आहे यापेक्षा ते कसं आहे ते बघावं लागतं.

झोपेचंच बघा. पोट वाढल्यावर लघवीला उठावं लागतं, कूस बदलता येत नाही, पायात गोळे येतात. अशी बाई दुपारी जरा पाठ टेकली की झोपते. नैराश्यातली बाई दुपारी घर शांत असतानाही छताकडे बघत पडून राहते, किंवा पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि उजाडेपर्यंत मनात एकच चक्र फिरत राहतं. अशांना दिवसाची सुरुवात सगळ्यात जड जाते, संध्याकाळी थोडं सैल वाटतं. जेवणाचंही तसंच. मळमळीमुळे जेवण जात नसेल तर वासानं नकोसं होतं, पण चिंच, आवळा, कैरी असं काहीतरी आवडतं असतंच. नैराश्यात काहीच हवंसं वाटत नाही. "काय करू गं तुझ्यासाठी?" या प्रश्नाला उत्तरच सुचत नाही. थकव्यातही फरक असतो. दमलेली बाई विसाव्यानं थोडी ताजी होते. इथं बाई दिवसभर पडून राहते आणि उठताना पहिल्यापेक्षा जास्त दमलेली असते. वेणी घालायलासुद्धा हात उचलवत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत आणि डॉक्टरही पहिल्यांदा त्याच विचारतात. गेल्या महिनाभरात मन खचलेलं, उदास, आता काही खरं नाही असं वाटत राहिलं का? आणि ज्या गोष्टींत पूर्वी जीव रमायचा त्यांतली गोडी गेली का? यातल्या एकाचं जरी उत्तर "हो" असेल आणि ते दोन आठवडे, दिवसातला बराचसा वेळ, जवळजवळ रोज असेल, तर पुढचे प्रश्न विचारणं भाग आहे. दोन आठवड्यांची अट महत्त्वाची आहे. माहेरची आठवण येऊन एक दिवस रडणं, भांडण झाल्यावर दोन दिवस गप्प राहणं यांना कुणी आजार म्हणत नाही.

घरात मात्र यातलं काहीच विचारलं जात नाही.

आपल्याकडे गरोदर बाईचं सगळं डोहाळ्यांच्या खात्यावर जमा होतं. गप्प बसली तर डोहाळे, रडली तर डोहाळे. त्यातून "पोटुशी बाईनं रडू नये, पोर रडवं होतं" हे एक वाक्य खानापूरपासून निपाणीपर्यंत प्रत्येक घरात कुणी ना कुणी बोलतंच. बोलणारीच्या मनात माया असते. ऐकणारीला मात्र रडण्याबरोबर आता अपराधही चिकटतो. मी रडते म्हणजे मी पोराचं वाईट करते. नैराश्यात स्वतःला दोष देण्याची सवय आधीच लागलेली असते, तिला हे आयतं कोलीत मिळतं. मग ती न्हाणीघरात पाणी सोडून रडते आणि बाहेर येऊन डोळ्यांत साबण गेला म्हणते. दृष्ट काढतात, मीठ-मोहऱ्या उतरवतात, त्याला विरोध करण्यात काही अर्थ नाही. कुणीतरी आपल्यासाठी काही करतंय एवढं तरी तिला त्यातून कळतं. फक्त दृष्ट काढली म्हणून दवाखाना पुढच्या महिन्यावर टाकू नये.

काळजीचं रूप वेगळं, आणि ते तर आणखी सहज निसटतं, कारण काळजी करणारी बाई चांगली आई समजली जाते. पहिलं बाळ पोटात गेलेलं असेल, आधीचा गर्भ पडलेला असेल, घरात "यंदा मुलगाच" असं उघड बोललं जात असेल, नवरा पुण्याला नाहीतर गोव्याला कामाला असेल, तर काळजी वाटणारच. ती आजाराकडे झुकली हे कसं कळावं? एक म्हणजे दिलासा टिकत नाही. सोनोग्राफी चांगली आली की साधी काळजी आठवडाभर तरी थांबते. आजारातली काळजी दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत नवं कारण शोधते. "मशीन जुनं असलं तर?" दुसरं म्हणजे ती शरीरात उतरते. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घशात आवंढा अडकल्यासारखं, श्वास पुरत नाही. कधी कधी हे सगळं काही मिनिटांत एकदम टोकाला जातं, आता जीव जातो असं वाटतं आणि मग हळूहळू ओसरतं. तिसरं म्हणजे तिच्यामुळे कामं बंद पडतात. बसमध्ये बसवत नाही, एकटीनं घरी राहवत नाही, रात्री दहादा उठून बाळ हललं का हे चाचपलं जातं.

इथं एक पथ्य पाळायलाच हवं. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली असं वाटलं तर ते "टेन्शन" म्हणून घरात निकालात काढायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन ठोके तपासून घ्यायचे, बाई कितीही काळजीखोर असली तरी. तसंच धाप आणि धडधड रक्त कमी असल्यानं, थायरॉइडनं किंवा हृदयाच्या आजारानंही होते. आधी तपासणी करायची आणि मगच मनाचं नाव घ्यायचं.

म्हणूनच त्या डॉक्टरबाईंनी हिमोग्लोबिन बघितलं ते योग्यच होतं. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्त कमी, सातच्या खाली गेलं की गंभीर. आपल्या भागात ९-९॥ घेऊन शेतात खुरपणाऱ्या बायका काही कमी नाहीत. रक्त कमी असलं की मरगळ येते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. थायरॉइड मंदावलं की अंग जड होतं आणि मनही जड होतं. बी-१२ कमी असलं तरी तोच प्रकार. त्यामुळे मन खचलंय म्हणून गेलेल्या बाईला डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं तर "माझं ऐकलंच नाही" असं समजायचं कारण नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर. आकडा कमी आला की सगळं कोडं सुटलं असं वाटतं आणि विचारणं थांबतं. रक्त कमी आणि मनही खचलेलं, असं दोन्ही एकाच बाईला होऊ शकतं आणि बऱ्याचदा होतं. लोहाच्या गोळ्या नीट घेतल्या तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एकानं वर यायला हवं. आकडा वर आला आणि पहाटेची जाग, रडू, "मी कुणाच्याच कामाची नाही" हे तसंच राहिलं, तर कारण रक्तात नव्हतं किंवा फक्त रक्तात नव्हतं.

हे वेगळं काढण्यासाठी एक साधी प्रश्नावली जगभर वापरतात. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झाली म्हणून तिला एडिनबर्ग प्रश्नावली म्हणतात. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. ती बाळंतिणींसाठी केली होती, पण गरोदर बायकांसाठीही तपासून वापरात आली, आणि तिची मराठी व कानडी रूपंही आहेत. तिची खुबी अशी की थकवा, भूक, अंगदुखी यांच्याबद्दल तिच्यात प्रश्नच नाहीत. ज्या लक्षणांनी घोटाळा होतो ती मुद्दाम बाहेर ठेवली आहेत. झोपेचा प्रश्न आहे, पण तो "झोप लागते का" असा नाही. मन इतकं खट्टू असतं का की त्यामुळे झोप लागत नाही, असा आहे.

स्टुलावर बसलेल्या त्या मुलीसारखीच, अशा अनेकींची मिळून बनलेली एक बाई समोर धरू. वय तेवीस, पहिलं बाळंतपण, पंचविसावा आठवडा. सासर बेळगाव तालुक्यात, माहेर पलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. हिमोग्लोबिन ९.६, थायरॉइड ठीक. तिच्यापुढे बसून कुणीतरी एकेक प्रश्न विचारतं. गमतीच्या गोष्टीवर हसू येतं का? पूर्वीपेक्षा बरंच कमी: दोन. पुढच्या दिवसांची वाट बघाविशी वाटते का? डोहाळजेवणाची साडीसुद्धा बघाविशी वाटली नाही: दोन. काही बिनसलं की उगाच स्वतःला दोष देता का? कधीकधी: दोन. कारण नसताना काळजी? दोन. घाबरायला होतं का? फारसं नाही: एक. कामं आवरेनाशी झालीत का? दोन. दुःखानं झोप नाही? जवळजवळ रोज: तीन. उदास वाटतं का? दोन. रडू येतं का? अधूनमधून: एक. आणि दहावा प्रश्न, स्वतःला काही करून घ्यावं असा विचार आला का? इथं ती थोडा वेळ गप्प राहते आणि म्हणते, "कधीतरी आला. पण मी काय करणार नाही." एक. बेरीज अठरा.

तेरा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नैराश्य असण्याची शक्यता बरीच आहे आणि डॉक्टरांनी नीट बसून बोलायला हवं, असा संकेत आहे. दहा ते बारा आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारतात. अठरा म्हणजे आजार झालाच असा शिक्का नव्हे. निदान डॉक्टर बोलून करतात, बेरजेवरून नाही. पण दहाव्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर बाकीची बेरीज तीन असो की तेवीस, त्याच दिवशी, त्याच बैठकीत पुढचं विचारलं जातं. विचार किती वेळा येतो, कसं करायचं हे मनात ठरलंय का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का. अशा विचारण्यानं विचार डोक्यात भरतो ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी सरळ विचारल्यावर बायका सुटकेचा श्वास टाकताना दिसतात. साधनाच्या प्रश्नावर आपल्या भागात उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. उसावर, तंबाखूवर मारायचं औषध, न्हाणीघराच्या फळीवर नाहीतर माळ्यावर ठेवलेलं. ते त्याच दिवशी घरातून हलवून शेतावरच्या कुलपात ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो नवऱ्याला किंवा दिराला चर्चा न करता पार पाडता येतो. ठरवलेला बेत असेल, कानात आवाज येत असतील, दोन-तीन रात्री अजिबात झोप नसून अंगात नको इतका जोर आला असेल किंवा खाणं-पिणंच सुटलं असेल, तर नेहमीच्या तपासणीची वाट बघायची नाही. १०८ बोलवायची किंवा थेट जिल्हा रुग्णालय गाठायचं.

आता ती पाच मिनिटं. सगळ्यात मोठी अडचण आपल्याला काय झालंय हे ठाऊक नसणं ही नाही, ते सांगायला एकटं राहता न येणं ही आहे. वजन, बीपी आणि लघवीची तपासणी या तिन्ही ठिकाणी बाई बहुतेक एकटी असते. तिथल्या सिस्टरला "मला डॉक्टरांशी एकटीनं बोलायचंय" एवढं एक वाक्य सांगितलं तरी पुरतं. बऱ्याच सिस्टर मग सोबतच्या माणसाला औषधाच्या खिडकीवर पाठवायची युक्ती स्वतःच काढतात. गावात आशाताई असते. कर्नाटकात गरोदर बाईच्या तपासण्यांची नोंद ज्यावर होते त्या तायी कार्डाच्या मागे ती चार ओळी लिहून देऊ शकते. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, तिथं गर्दी खूप असते. मनाचं बोलायचं असेल तर दुसरा दिवस धरलेला बरा, किंवा आशाताईला सांगून रांगेच्या शेवटी जावं.

बोलायला सुरुवात कुठून करावी? "मला डिप्रेशन आहे" किंवा "मला टेन्शन येतं" असं म्हटलं की समोरून हमखास "टेन्शन घेऊ नका" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा घडतंय तेच सांगावं, किती दिवस आणि काय बंद पडलं या क्रमानं. म्हणजे असं: "तीन आठवडे झाले, रोज पहाटे तीनला जाग येते आणि परत झोप लागत नाही. दिवसातून दोनदा तरी रडते. स्वयंपाक आधी एका तासात व्हायचा, आता हात चालत नाही. बाळाबद्दल काहीच वाटत नाही, याची भीती वाटते. गेल्या आठवड्यात मरून जावं असा विचार दोनदा आला." पाच वाक्यं, एक मिनिट. घरी कागदावर लिहून न्यावीत, कारण आत गेल्यावर रडू येतं आणि मग तोंडून "काही नाही" एवढंच निघतं. रडू आलं तर कागद पुढे करावा. त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी असाव्यात. पूर्वी कधी असं झालं होतं का आणि तेव्हा कोणती गोळी चालू होती, घरात कुणाला मनाचा आजार होता का, आणि सध्या कोणकोणती औषधं पोटात जातायत, गावठी काढ्यासकट. पूर्वी कधी आठवडाभर झोप न लागता अंगात भलता उत्साह, वारेमाप बोलणं, खर्च असं झालं असेल तर तेही लिहावं. त्यावरून औषधाची निवड पूर्ण बदलते.

भाषेचाही एक पदर आहे. डॉक्टर कानडी, बाई मराठी, आणि दुभाषा कोण तर नवरा किंवा नणंद. पोट दुखतंय हे नणंदेकरवी सांगता येतं, मरावंसं वाटतं हे नाही. सिस्टर किंवा आशा यांपैकी कुणी मराठी बोलणारी असेल तर तिला बोलवायला सांगण्यात काही उद्धटपणा नाही. आणि काहीच सोय नसेल तर "मनसिगे बेजार आगैति, निद्दि बरंगिल्ल, एरड वार आतु", म्हणजे मन खचलंय, झोप लागत नाही, दोन आठवडे झाले, एवढं कुणालाही पाठ करता येतं. एवढ्यानंच डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसलेले बघायला मिळतात.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं की पुढे काय? हलक्या आजारात पहिली पायरी गोळीची नसते. समुपदेशकाकडे दर आठवड्याला, सहा-आठ वेळा बसणं असतं. त्यात कौतुकाचे बोल नसतात, काम असतं. दिवसाचं वेळापत्रक लिहायचं, त्यात रोज एक छोटी, जमण्यासारखी गोष्ट परत आणायची, उदाहरणार्थ संध्याकाळी देवळापर्यंत चालणं. मग "मी वाईट आई होणार" यासारखा एखादा विचार धरून त्याची उलटतपासणी करायची. हे काम शिकवलेल्या गावातल्या बायकाही नीट करतात, हे पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या खेड्यांत आणि आपल्या शेजारच्या गोव्यात तपासून झालेलं आहे. गोव्यातल्याच २००२ सालच्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली होती. बाळंतपणानंतर ज्यांना नैराश्य आढळलं, त्यांतल्या बहुतेकींच्या मनाची तब्येत गरोदरपणातच बिघडलेली होती. "बाळ झालं की आपोआप ठीक होईल" हा हिशेब म्हणूनच बहुतेक वेळा चुकतो.

अठरा गुण आणि मरणाचे विचार असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात आणि खासगी मेडिकल कॉलेजात ते असतात, पलीकडे धारवाडला डिमहान्स ही मनाच्या आजारांची सरकारी संस्था आहे, आणि कर्नाटकात तालुका रुग्णालयांतही ठरावीक मंगळवारी तज्ज्ञ बसतात. आपल्या तालुक्याचा मंगळवार आशाताईला विचारावा. कुठेच जाणं होत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मनोमदत फोनसेवेचा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट असतो आणि मराठीत बोलता येतं. बोललेलं गुप्त ठेवणं डॉक्टरांवर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंधनकारक आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद त्याला आहेत. सासरी कळेल या भीतीनं थांबलेल्या बाईला हे आधी सांगावं.

गोळीचं नाव निघालं की घरात वादळ उठतं, तेव्हा त्याबद्दल थोडं सविस्तर. गरोदरपणात सर्ट्रालिन हे औषध बरेच डॉक्टर पसंत करतात, कारण त्याचा अनुभव मोठा आहे आणि दुधातूनही ते थोडंच उतरतं. सुरुवात २५ किंवा ५० मिलिग्रॅमनं, जेवणानंतर. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थता थोडी वाढू शकते आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. नेमकं इथंच फसतं. मळमळ आधी येते, आराम नंतर, म्हणून पाचव्या दिवशी "सोसत नाही" म्हणत पाकीट कपाटात जातं. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं नसेल तर आपण विचारावं. बाळाला काय होतं, हेही विचारावं. शेवटपर्यंत गोळी चालू असेल तर काही बाळं पहिले काही दिवस थोडी किरकिरी असतात, हातपाय थरथरतात. बहुतेकांचं ते आपोआप थांबतं, बालरोगतज्ज्ञांना मात्र आधी कल्पना द्यायची. त्याउलट, न सुटलेल्या नैराश्यात आई जेवत नाही, तपासण्या चुकवते, आणि दिवस भरायच्या आधी बाळ होणं, वजन कमी असणं यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. दोन्ही पारड्यांत काहीतरी आहे, हे डॉक्टरांनी बाईला मोकळेपणानं सांगावं. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईनं दिवस गेले हे कळताच स्वतःहून ती एकदम बंद करू नये. चक्कर, घालमेल होते आणि आजार उलटण्याची भीती असते. पहिल्या भेटीत विचारून मगच बदल करावा. फिट्सवर आणि मूड स्थिर राहण्यासाठी देतात ते व्हॅल्प्रोएट मात्र गरोदरपणात टाळायचंच औषध आहे. ते चालू असेल तर तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावेत. आणि मेडिकलवाल्याकडून मिळणारी झोपेची गोळी, जिच्यानं तासाभरात गार वाटतं, तिच्या नादी तर लागूच नये. नैराश्य तिनं हटत नाही, सवय मात्र लागते.

सीमाभागाची खरी गोम यानंतर येते. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी जाते आणि आपल्याकडे माहेर बऱ्याचदा दुसऱ्या राज्यात असतं. तायी कार्ड इथलं, पुढची तपासणी तिथली, कार्ड नवीन, डॉक्टर नवीन. लोहाच्या गोळ्या तिथेही मिळतात, पण मनाची गोळी सांगायची कुणी? सोबत आईनं "आता माझ्याकडं आलीस, कशाला ती औषधं" म्हटलं की संपलंच. चंदगडकडच्या माणसांना दवाखान्यासाठी बेळगावच जवळ पडतं, म्हणून शक्य असेल तर मानसोपचाराची भेट बेळगावलाच चालू ठेवावी आणि प्रसूती कुठे करायची ते वेगळं ठरवावं. ते जमणार नसेल तर निघण्याआधी डॉक्टरांकडून एक पानभर पत्र मागून घ्यायचं. इंग्रजीत, म्हणजे दोन्हीकडे वाचता येईल. त्यात पाच गोष्टी हव्यात: निदान आणि ते कधी झालं, औषधाचं नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख, जिवाला धोका असल्याची नोंद आणि आता काय स्थिती आहे, गोळी किती काळ चालू ठेवायची, आणि पुढची भेट कधी हवी. बरोबर निदान महिनाभराच्या गोळ्या. पत्राचा फोटो फोनमध्ये आणि मूळ कागद तायी कार्डाच्या पाकिटात. माहेरच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी ते पत्र स्वतःहून टेबलावर ठेवायचं, कारण तिथं कुणी मनाबद्दल विचारेलच असं नाही. बरं वाटू लागल्यावरही गोळी साधारण सहा महिने चालू ठेवायला सांगतात, म्हणजे बाळंतपण आणि बारशाच्या गडबडीनंतरही. बाळाला दीड महिन्याची लस टोचायला नेलं की त्याच फेरीत आईनं ते दहा प्रश्न पुन्हा एकदा सोडवून घ्यावेत. तिथल्या सिस्टरकडे कागद नसेल तर आपला पुढे करावा.